न वाचलेली हिरवी खूण

"चेची, आज मागे नाही बसायचं," म्हणत अनूप कुरियनने पहिल्या रांगेतली खुर्ची ओढली, तेव्हा श्रीकला नाइलाजाने पुढे आली. अनूप टीमचा प्रमुख. मल्याळममध्ये चेची म्हणजे ताई. वयाने मोठी म्हणून सगळं ऑफिसच तिला तसं म्हणे. तेरा वर्षांत तिला कुणी पुढे बसवलं नव्हतं, आणि तिचीही तक्रार नव्हती.

टेबलावर पळंपोरीचं ताट होतं. गरम केळ्याच्या भज्यांवर एरवी तुटून पडणारे लोकही आज शहाण्यासारखे बसले होते.

"दोनच मिनिटं बोलतो," अनूप म्हणाला. "आपण इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोड लिहिणाऱ्याचं कौतुक होतं. पण दुसऱ्या कुणी तो वाचून हिरवी खूण दिल्याशिवाय तो मुख्य कोडमध्ये जात नाही. हे वाचणारे कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. जी चूक झालीच नाही, तिचा तक्ता काढणार कसा?"

लोक हसले. श्रीकला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

काल संध्याकाळी टीममधला जितिन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. "चेची, एवढं एकच बघा ना. उद्या चारला द्यायचंय." अकराशे चाळीस ओळी. एरवी तिने 'तुकडे करून आण' म्हणून परत पाठवलं असतं. पण वाचायला आलेला तो दिवसातला पाचवा कोड होता, बसची वेळ झाली होती आणि घरी आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते. पहिल्या दोन फायलींत नुसती नावं बदललेली दिसली. कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या पास होत्या. पुढेही तसंच असेल असं धरून तिने खूण देऊन टाकली. लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण वजनावरून काढणारा भाग त्या 'पुढे'मध्येच होता, हे तिला बसमध्ये आठवलं. सकाळी बघू म्हणाली, आणि सकाळ कामांनी खाल्ली. आता ही मीटिंग संपली की जितिन तो कोड मुख्य कोडमध्ये घालणार होता.

"मागे एक कोड वाचताना चेचीने शेजारी एक ओळ लिहिली होती," अनूप सांगत होता. "'वजन भरायचं राहिलं तर?' बस, एवढंच. आपण सगळ्यांनी ते शून्य धरलं होतं. नवीन माणसाला ती 'हे चूक' म्हणत नाही, 'असं का केलंस' विचारते. खरं सांगू? चेचीची हिरवी खूण दिसली की मी उघडूनसुद्धा बघत नाही."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी तिला घाम फुटला. म्हणजे तिच्यानंतर बघणारं कुणीच नव्हतं. तिने वाचलं नाही म्हणजे कुणीच वाचलं नाही.

"चेची, दोन शब्द," अनूप म्हणाला.

ती उठली. खुर्चीची पाठ तिने धरून ठेवली.

"जितिनचा कालचा कोड मी वाचलेला नाही. पहिल्या दोन फायली वाचल्या आणि खूण दिली. ती मी काढून घेते आहे. आज तो पाठवू नका."

जितिनचा चेहरा उतरला. "पण चेची, टेस्ट पास आहेत ना?"

"टेस्टही तूच लिहिल्यास. तुझा समज चुकला असेल, तर तो दोन्हीकडे सारखाच चुकला असेल."

आज चारला काम मिळणार नाही हे कळवायला अनूपने फोन उचलला आणि बाहेर जाता जाता हळूच म्हणाला, "हे सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं का, चेची?" तिच्या मनात आलं, टाळ्याही सगळ्यांसमोरच होत्या.

मग ती वाचायला बसली. जितिन शेजारी, तोंड फुगवून.

"वजन किलोतच येतं ना?"

"नवजात विभागातून ग्रॅममध्ये येतं. आत घेतानाच किलोत बदललंय. हे बघा."

तिने बघितलं. बरोबर होतं. प्रत्येक ओळीला तिला वाटे, आता सापडेल. आणि मनाच्या एका कोपऱ्यात ते सापडावं असंही वाटे, म्हणजे आजची नाचक्की वाया जाणार नाही. याची तिला लाज वाटली. साडेपाचला शेवटची ओळ आली.

"काय निघालं?" जितिनने विचारलं.

"काही नाही. चांगला लिहिलायस."

"मग उगाचच थांबवलंत."

"हो," ती म्हणाली, आणि तिने खूण दिली.

बस गेली होती. पर्स आवरताना तिने सवयीने टीमची यादी उघडली. दुपारी तिथे मुख्य कोडमध्ये जायच्या वाटेवर नऊ कामं होती, नऊच्या नऊंवर हिरवी खूण. आता कामं तेवढीच होती, पण खुणा चारच उरल्या होत्या. ती बघत असताना त्यातली आणखी एक गेली. ती अनूपने दिलेली होती, आणि त्यानेच काढून घेतली होती.

तिने मान वर केली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. ताटातली पळंपोरी गार होऊन पडली होती, आणि सगळे खाली मान घालून वाचत होते.