दाबलेला नंबर

गुरुवार होता, म्हणजे कारखान्यांना सुट्टी. जयसिंग त्याच दिवशी आला. चाकणच्या बाजारपेठेतल्या निरंजनच्या डीटीपीच्या दुकानात शिरताच त्याने पाकिटातून एक जुनं व्हिजिटिंग कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"ताई, हे स्कॅन करायचं, आन् फक्त मोबाईल नंबर बदलायचा. बाकी कार्ड जसंच्या तसं दिसलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर टाकायचंय गिऱ्हाइकांना."

"नवीनच करून देते की," वर्षाली म्हणाली. "छान रंगीत."

"नको, नको. हे कार्ड पाहूनच लोक वळखतात. नवीन पाहिलं की म्हणतात, हा कोण?"

कार्डावर 'दौलत स्प्रिंग वर्क्स' आणि खाली बारीक अक्षरांत दौलतराव हे नाव होतं. दौलतराव जयसिंगचा थोरला भाऊ. माघात वारला, असं त्यानेच सांगितलं. "नंबर कधीच बंद झाला. आता माझा टाका."

वर्षाली फिजिक्सची पदवीधर. स्पर्धा परीक्षांचे निकाल लागेपर्यंत म्हणून इथे बसली होती, आणि ह्या कामात तिला नको तितका रस वाटू लागला होता. तिने कार्ड सहाशे डीपीआयवर स्कॅन केलं. कागद कापडासारख्या विणीचा, कडेला पिवळट पडलेला. आकडे जुन्या पायडल मशीनवर शिशाच्या टाइपने छापलेले. कॉम्प्युटरमधला एकही फॉन्ट त्यांच्याशी जुळेना. टाइपच्या दाबाने शाई कडेला किंचित पसरलेली होती, आणि नव्या फॉन्टच्या धारदार कडा त्या कार्डावर परक्या दिसल्या असत्या.

तेव्हा तिने आकडे कार्डावरूनच गोळा केले. शून्य, एक, चार, पाच पिनकोडातून. दोन आणि तीन लँडलाइनच्या कोडातून. नऊ, आठ, सहा जुन्या मोबाईल नंबरातूनच. सात मात्र कार्डावर कुठेच नव्हता. तिने पाचाची वरची आडवी रेघ आणि चाराची तिरपी रेघ जोडून सात बनवला. दोन सात हुबेहूब सारखे दिसले तर नजरेला खटकतं, म्हणून दुसऱ्याची शाई एका कोपऱ्यात थोडी फिकट केली. मग जुन्या नंबराची शाई पुसली: शेजारच्या कोऱ्या जागेतली वीण उचलायची, तिचे धागे आडव्या-उभ्या रेषेत जुळवायचे आणि शाईच्या जागी बसवायची. वर नवे आकडे असे ठेवले, की त्यांच्या काळ्यातूनही कागदाची वीण दिसावी.

दुकानाचा एक नियम होता. पूर्वी एकदा एक आकडा चुकून पाचशे कार्डं वाया गेली होती. तेव्हापासून निरंजन म्हणायचा, कार्डावर जो नंबर वाचता येईल, तो लावून बघायचा. वर्षालीने नवा नंबर लावला. जयसिंगच्या खिशातला फोन वाजला.

"मीच की हो," तो हसला. "येतो चहा घेऊन."

तो गेल्यावर तिने शेवटची तपासणी म्हणून चित्राचा कॉन्ट्रास्ट चढवला, आणि तिचा हात माऊसवरच थांबला.

नव्या नंबराच्या मागून जुना नंबर वर येत होता. शाई नव्हती, नुसत्या केसाएवढ्या कडा. एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळपट. कारण लगेच तिच्या लक्षात आलं. शिशाच्या टाइपने कागदात खळगे पाडलेले होते. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, म्हणून खळग्याच्या कडेला सावली येते. तिने शाईपुरतंच पुसलं होतं, आणि खळगा शाईहून थोडा रुंद होता. कारण कळलं तरी मानेवरचा काटा जाईना. दाबून गेलेला माणूस कागदातच होता.

दहाही आकडे वाचता येत होते. मूळ फाइलशी ताडून पाहता आलं असतं. पण दुकानातली सवय बोटांत मुरलेली. तिने ते एकेक वाचत फोनवर दाबले. बंद असणार, हे माहीत होतं.

रिंग गेली.

"हॅलो, दौलत स्प्रिंग," बाईचा आवाज आला. "मालक रांजणगावला गेलेत. काय निरोप हाय?"

वर्षालीने पडद्यावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला.

"बोला की साहेब."

"मी... मी चाकणहून बोलतेय. डीटीपीच्या दुकानातून. तुम्ही कोण?"

"मी गिरजाबाई. मालकीण."

"पण ते... दौलतराव तर..."

"कुणी सांगितलं तुला, पोरी?"

वर्षालीने सगळं सांगितलं. समोर पडद्यावर त्या कडा तशाच उमटलेल्या होत्या.

"सात महिने झाले," गिरजाबाई म्हणाल्या. "रोज फोन येत्यात. दौलतराव हायेत का? मी म्हणते, रांजणगावला गेलेत, भोसरीला गेलेत. वाटतं, सांगितलं न्हाई तोवर ते कुठंतरी गेलेलेच हायेत. काम मी घेते, गडी करत्यात, माल येळेवर जातो."

"काकू, म्हणूनच हे बदललेलं कार्ड खपून जाईल," वर्षाली हळू म्हणाली. "दौलतराव आहेत असंच गिऱ्हाइकांना वाटतंय. त्यांच्याच कार्डावर नवा नंबर दिसला, की त्यांनीच बदलला असं समजतील. सगळी कामं जयसिंगभाऊंकडे जातील."

निरंजन कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी होता. त्याने मान वर केली. "अगं, घरची भांडणं आहेत लोकांची. तू कार्ड करतेस की पंचायत भरवतेस?"

तेवढ्यात जयसिंग दारात आला. पडद्याकडे पाहून आधी त्याला काही कळलं नाही. मग तो जुना नंबर दिसला, आणि वर्षालीच्या कानाशी धरलेला फोन.

"वहिनी हाय का फोनवर?"

"हो. नंबर बंद नाहीये, भाऊ. मी ही फाइल देणार नाही."

"मशीनवर मी उभा ऱ्हायलो बारा वर्षं," त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ही नुसता फोन उचलते. दादाचा आवाज गेला, तर गिऱ्हाईक कुणाचं, सांगा ना मला?"

त्याने काउंटरवरचं कार्ड उचलून खिशात घातलं. "पुढच्या गल्लीत तीन दुकानं हायेत. अर्ध्या तासाचं काम." तो पायऱ्या उतरला.

ते खरंच अर्ध्या तासाचं काम होतं. ब्रश थोडा रुंद घेतला, की कडाही जातील. पुढच्या दुकानातला माणूस कॉन्ट्रास्ट चढवून बघणारही नाही.

"गेला?" गिरजाबाईंनी विचारलं.

"गेले. दुसरीकडे करून घेणार, काकू."

"घेईलच त्यो. जिद्दी हाय." मग थोड्या वेळाने: "पोरी, फोन ठेवू नको. कार्डावरच्या लँडलाइनवरनं गिऱ्हाइकांना लावते. एकटीनं व्हायचं न्हाई."

वर्षालीने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे बटणांचे आवाज आले, रिंग आली, मग स्पीकरवर एक घाईतला पुरुषी आवाज: "हां, दौलतराव, बोला!"

गिरजाबाईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दौलतराव? अहो, आवाज येत नाहीये."

"साहेब, मी गिरजाबाई. मालकीण." घसा खाकरल्याचा आवाज. "मालक रांजणगा..."

त्या थांबल्या. वर्षालीने डोळे मिटले.

"मालक न्हाईत, साहेब. माघातच गेले. मी खोटं बोलले तुमच्याशी. हितनं पुढं फोन मीच उचलनार, मोबाईलच्या जुन्याच नंबरवर. दुसरा नंबर कुणी पाठवला, तर आमचा न्हाई."

मग तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "अरेरे. आणि मी दर वेळी निरोप ठेवत होतो त्यांना."

"व्हय," गिरजाबाई म्हणाल्या. "समदे निरोप हायेत माझ्याकडं."

त्यांनी तो फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावायला घेतला. बटणं आता सावकाश वाजत होती, प्रत्येकाच्या मध्ये एकेक श्वास.