पंधरा फ्रेमचा ठोका

गाण्याच्या व्हिडिओच्या ट्रीटमेंटचा, म्हणजे दृश्यांच्या आराखड्याचा, पाचवा मसुदा म्युझिक कंपनीने मंजूर केला, तेव्हा दिग्दर्शिकेला आनंदही झाला नाही. आनंद व्हायलाही थोडी ताकद लागते. गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांचं, साधं प्रेमगीत. पण पडद्यावर काय दिसणार हे कागदावर मांडताना तिचा महिना गेला होता. आधी समुद्र हवा होता, मग नको झाला. नायिका दोनदा बदलली.

मंजूर झालेला हिशोब मात्र चोख होता. गाण्याची लय मिनिटाला शहाण्णव ठोक्यांची, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे एका ठोक्याला नेमक्या पंधरा फ्रेम. अंतरा लाँड्रीत, फिक्या राखाडी शर्टात; तिथे आठ ठोक्यांनी एक कट. मुखडा रिकाम्या स्केटिंग हॉलमध्ये, मोहरी रंगाच्या जाकिटात. तिथे प्रत्येक ठोक्याला कट, आणि दर दुसरा कट गायकाच्या ओठांवर. शेवटचा मुखडा संथ गतीत: सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्याने त्याच वेगाने ओठ हलवायचे आणि कॅमेऱ्याने दुप्पट फ्रेम टिपायच्या. नेहमीच्या गतीत चालवलं की हालचाल संथ, पण ओठ गाण्याबरोबर.

गुरुवारी कपड्यांची ट्रायल होती. गायकाबरोबर त्याची मोठी बहीण आली होती. त्याचं सगळं तीच बघायची. आधी ड्रेसवालीने बारीक पट्ट्यांचा शर्ट बाद केला, कॅमेऱ्यात पट्ट्या लहरतात म्हणून. मग दिग्दर्शिकेने फोनवर दुप्पट वेगाचं गाणं लावलं.

"एकदा ओठ हलवून दाखव. नुसता अंदाज घेऊ."

गायकाने बहिणीकडे पाहिलं. मग सुरुवात केली. पहिली ओळ निभावली, दुसऱ्या ओळीत तोंडाची डावी बाजू मागे पडली. 'प'वर ओठ मिटेनात. त्याने आपणहून थांबून पाण्याची बाटली उचलली, आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून जाकिटावर ओघळलं.

"पाच महिने झाले," बहीण हळूच म्हणाली. "एका सकाळी उठला तर अर्धा चेहरा लुळा. आता पुष्कळ सुधारलाय. गाणं त्यानंतरच रेकॉर्ड केलंय, एकेक शब्द घासून. कंपनीला सांगितलं नाही आम्ही. तुम्हालाही सांगणार नव्हतो."

"का?"

"दुसऱ्या कुणाला उभं करतील पडद्यावर," गायक म्हणाला. "आवाज माझा, तोंड भलत्याचं."

दिग्दर्शिका खुर्चीत बसली. तिला रागावायचं होतं, पण तेवढं अवसान नव्हतं. शूटिंग सहा दिवसांवर होतं.

"मसुदा मी बदलते," ती म्हणाली. "पण कंपनीला तू सांगायचंस. मी खोटं बोलणार नाही, आणि तुझ्या वतीने रडणारही नाही."

सहावा मसुदा तिने दुसऱ्या दिवशी सकाळी एडिटरच्या खोलीत बसून लिहिला. ओठांचे कट काढले, तर ठोक्याला काय दाखवायचं? एडिटरने ढोलाचे ठोके टाइमलाइनवर खुणावले आणि म्हणाला, "दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला चाकं घ्या. स्केटचं चाक फरशीवर आपटतं तो क्षण. कट मी दोन फ्रेम आधी देतो, म्हणजे डोळा पोचेपर्यंत ठोका पडतो." बाकीच्या ठोक्यांना जाकिटाची चेन, नायिकेचा हात, त्याची पाठ. अंतऱ्यात तो गातच नाही, कपडे घड्या करतो. शेवटचा मुखडा मात्र एकच अखंड शॉट. संथ गती रद्द. तो नायिकेच्या लाल स्वेटरमध्ये, चेहरा समोर, नेहमीच्या वेगात गातो. कट एकही नाही.

कंपनीच्या बैठकीत गायकाने स्वतः सांगितलं. कंपनीच्या माणसाने सहावा मसुदा चाळला.

"मग शेवटीही पाठच दाखवा ना," तो म्हणाला.

"गाणं तिला उद्देशून म्हणायचंय," गायक म्हणाला. "पाठ करून कसं म्हणू?"

कंपनीच्या माणसाने अट घातली: एक टेक पाठमोराही घ्यायचा, निर्णय नंतर. दिग्दर्शिकेने मान हलवली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

शूटिंगला अखंड शॉटचे अकरा टेक झाले. नवव्या टेकला त्याचं तोंड थकलं आणि बहिणीने कोमट फडक्याने त्याचा गाल शेकला. अकराव्याला डावी बाजू मागेच राहिली, पण तो हसला, आणि ते वाकडं हसू बघून नायिका ठरलेली जागा सोडून दोन पावलं पुढे आली. कॅमेरामनने फोकस सांभाळला.

पाठमोरा टेकही झाला. कंपनीच्या माणसाने दोन्ही पाहिले, अकरावा पुन्हा लावायला सांगितला, आणि "हाच ठेवा" म्हणून चहा घ्यायला निघून गेला.

दिग्दर्शिका बाहेर येऊन गाडीत बसली. किल्ली लावली नाही. मागच्या सीटवर गायकाची बहीण येऊन बसली, तिला बस थांब्यापर्यंत सोडायचं होतं.

"दमलात?" बहिणीने विचारलं.

"हो," दिग्दर्शिका म्हणाली. "तुम्ही?"

"पाच महिने," बहीण म्हणाली, आणि सीटला डोकं टेकून तिने डोळे मिटले.