उंबरठ्याअलीकडचा स्वर

अंत्ययात्रेच्या आमच्या चालीचा पहिला स्वर घराबाहेर उभा असतो. कागदावर उभ्या रेघांनी चार-चार मात्रांची घरं पाडलेली असतात. हा एकटा स्वर पहिल्या रेघेच्याही अलीकडे असतो, न लिहिलेल्या घराच्या चौथ्या मात्रेवर. तो वाजतो तेव्हा आम्ही सगळे अजून निश्चल असतो. रेघ ओलांडली, पहिली मात्रा आली, की डावा पाय पडतो आणि शवपेटी हलते. तेवढ्या एका मात्रेपुरता मेलेला माणूस गावातही असतो आणि गावातून गेलेलाही असतो.

हा स्वर आमच्याकडून सेवेरिन लादुर्नर काढून घ्यायचा, आमच्या बँडचा नायक. आता पेटीत तोच होता, आणि चाल त्याच्या मुलीला, नोटबुर्गाला, सुरू करून द्यायची होती. चर्चपासून दफनभूमीपर्यंत उतार आहे आणि फेब्रुवारीत तो काचेसारखा गोठतो. पेटी वाहणारे आमच्या ठेक्यावर पाऊल टाकतात. आमची चाल विस्कटली की त्यांची पावलंही विस्कटतात. त्या उतारावर निसटलेली एक पेटी माझ्या आजोबांनी पाहिली होती.

आदल्या दिवशी, दुपारी, सरावाच्या खोलीत नोटबुर्गा बाबांच्या रिकाम्या चौथऱ्याशेजारी उभी राहिली. चौथऱ्यावर चढली नाही. तिने स्पष्ट मोजलं, "एक, दोन, तीन—"

अर्ध्यांनी चौथ्या मात्रेवर फुंकलं. उरलेल्यांनी त्यानंतर, एकवर. एकच स्वर दोनदा उमटला, दरीत आपलाच आवाज परत यावा तसा.

"पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा तसंच झालं.

"चार मोजता येत नाहीत का कुणाला?" तिने विचारलं.

"येतात की, बुर्गल," ट्यूबाचं अवजड पितळ मांडीवर टेकवत म्हातारा कोर्बिनिअन म्हणाला. "पण तू तीन म्हणतेस, की अर्धे तुझ्या चारची वाट बघतात, आणि तिकडे तो तीनवर श्वास घेतो. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

तिच्या 'तीन'च्या खाली, चौथऱ्याच्या बाजूने आलेली ती बारीक शीळ आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. समोरच्या दातांच्या फटीतून आत ओढलेली हवा. सेवेरिन फक्त 'एक, दोन' म्हणायचा; तिसऱ्या मात्रेवर तो श्वास घ्यायचा, आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळे.

"खिडकीतून वारा येतोय, कोर्बिनिअन काका."

"खिडकी बंद आहे, पोरी."

तिचा चेहरा ताठ झाला. "बरं. मीही वाजवते, मग बघू." तिने क्लॅरिनेट ओठांशी नेलं. "एक, दोन," एवढं म्हटल्यावर तोंड मोकळं राहिलं नाही. तीन म्हणता येईना. तिसऱ्या मात्रेवर वाजवणाऱ्याला बोलता येतच नाही, छाती भरावी लागते. तिने श्वास आत ओढला.

शीळ तिच्या ओठांतून आली.

आम्ही चौथीवर एकत्र शिरलो, एका देहासारखे. ती मात्र पहिल्या रेघेपाशीच थांबली होती. क्लॅरिनेट खाली गेलं होतं.

"हा माझा श्वास नव्हता," ती हळूच म्हणाली. मग माझ्या शेजारच्या गेबहार्टकडे वळली. "उद्या तू ढोलावर तीन ठोके दे. मी मोजणार नाही."

"अगं, पेटी हलण्याआधी आपल्याकडे ढोल वाजत नाही," गेबहार्ट म्हणाला. "तुझे बाबा उठून बसतील."

"तेच नकोय मला," ती म्हणाली आणि कोट उचलून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात पेटी सहा खांद्यांवर चढली. घंटा थांबली. तिच्या मागे राहिलेली शांतता इतकी थंड होती, की शिंगाचं पितळ माझ्या ओठांना चिकटलं. वाहणाऱ्यांतला पुढचा माणूस बर्फाकडे बघत होता. गेबहार्टने काठी उचलली. नोटबुर्गा पेटीकडे बघत राहिली. ढोलाने तिसरी मात्रा भरली असती, तर तो श्वास कायमचा बंद झाला असता, आणि हे तिलाच ठरवायचं होतं.

तिने तळहात पुढे करून काठी अडवली. क्लॅरिनेट ओठांशी नेलं.

"एक. दोन."

तिसरी मात्रा रिकामी आली. त्या रिकामपणात शीळ वाजली, आणि तिच्यामागोमाग आमच्या सगळ्यांच्या छात्या भरल्या. चौथीवर स्वर उमटला, कुणीही न हलता, बर्फावर एकटा. मग रेघ. डावे पाय एकत्र पडले. पेटी पाण्यावरून जावी तशी उतारावरून गेली.

कबरीपाशी चाल संपली. तिच्या शेवटच्या घरात तीनच मात्रा आहेत. चौथी सुरुवातीलाच खर्च झालेली असते. तिसरीवर डावा पाय टेकला, स्वर थांबला, आणि निःशब्द चौथीवर आम्ही उजवा पाय जवळ घेतला.

नोटबुर्गाने घेतला नाही. ती एक पाऊल पुढे, एक मागे, तशीच उभी राहिली, क्लॅरिनेट ओठांपाशी, कान लावून. तिची छाती हलत नव्हती. तरीही पुन्हा एकदा, अगदी जवळून, कुणीतरी श्वास आत घेतला.