बुधवार, दुपारी तीन

बाबा अकरा दिवस बेशुद्ध होते. श्वासाचं मशीन चालू ठेवायचं की नाही, हे सगळ्यांना एकत्र बसवूनच बोलेन, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वेळ जुळवायचं काम भावंडांतल्या मधलीच्या गळ्यात पडलं. ऑफिसात ती मीटिंगाच जुळवते ना, मग झालं!

तिनं चार वेळांचा पोल बनवून रविवारी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. सात जण, त्यात परदेशातला दादा आणि डॉक्टरीणबाई. एकाही वेळेला सगळे जमेनात. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी कळवलं, बुधवारी दुपारी तीन, दुसरी वेळ नाही. मधलीनं पोलमध्ये पाचवा रकाना वाढवला आणि ग्रुपवर लिहिलं, "नवी वेळ टाकलीय, बघा." त्या ओळीवर आत्याच्या निरोपांचा ढीग पडला.

मंगळवारी सकाळी पाचव्या रकान्यात सहा हिरव्या टिका होत्या. ताईच्या नावापुढचं घर कोरं. मधलीचा जीव टांगणीला लागला होता. कोरं म्हणजे नाही, असं तिनं धरून टाकलं. ग्रुपवर जाहीर केलं, "बुधवारी दुपारी तीन नक्की. दादा, तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ. ताईला जमत नाहीये, तिला संध्याकाळी कळवू."

आठ वर्षं बाबांना आंघोळ घालणारी ताई! तिनं वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

मधलीला चहा जाईना. ताई रुसली की नुसती गप्प बसते, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं पोल पुन्हा उघडला आणि नीट पाहिला. ताईनं उत्तर दिलं होतं रविवारीच, सगळ्यांच्या आधी. पाचवा रकाना तेव्हा नव्हताच. आणि आधीच्या चारही वेळांना हिरवी टिक होती फक्त ताईची.

तिनं फोन लावला. "ताई, तू नवी वेळ भरलीच नाहीस."

"एकदा भरलं होतं की. परत भरायचं असतं होय?" ताईचा आवाज घोगरा होता. "तुमचा निरोप वाचला. म्हटलं, ठरवलं असेल तुम्ही. मी रडते म्हणून नको असेन."

"अगं, असं कसं! माझी चूक आहे. कोरं घर बघितलं आणि तुला विचारलंच नाही."

मधलीनं लगेच पोलमध्ये ताईच्या नावापुढं टिक केली आणि ग्रुपवर नवं लिहिलं, "दुरुस्ती. बुधवारी दुपारी तीन, सगळे सात. मी ताईला नीट विचारलं नव्हतं, चूक माझी. ताई आल्याशिवाय सुरू करायचं नाही."

पलीकडे ताईनं ते वाचलं असावं. ती म्हणाली, "मी दोनलाच येऊन बसते. बाबांची नखं वाढलीयत, तेवढी कापून होतील."