उशिराचं कारण

आमच्या दवाखान्याला इंटरनेटवर किती तारे मिळतात, यावर भाऊसाहेबांचं जेवण ठरायचं. भाऊसाहेब म्हणजे डॉक्टरीणबाईंचे धाकटे दीर. औषधांचं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण जागा, बिलं, स्टाफ आणि वेबसाइट सगळं त्यांच्याकडे. मी काउंटरवर बसते. नंबर देणं, केसपेपर काढणं आणि लोकांची बोलणी खाणं ही माझी मूळ कामं. तक्रारींना उत्तराचा मसुदा करणं त्यात नंतर घुसलं.

त्या आठवड्यात एका मुलीची तक्रार आली होती. मोठ्या बहिणीचा हात सुजलेला, ती कळवळतेय, तरी आधी बाकावर तासन्‌तास बसवलं. एक्स-रे झाल्यावर बहिणीला आत नेलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही, आणि बाहेर बसलेल्या माणसाला कुणी एक शब्द सांगायला आलं नाही. तारा एकच. शब्द झणझणीत, पण खोटा एकही नव्हता. बिचारीला तेव्हा माहीतच नव्हतं की आत तिची ताई पहिल्यांदाच तोंड उघडत होती. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती नवऱ्यानं पढवल्याप्रमाणे सांगत होती. बाईंनी एक्स-रे पाहिला, दंडावरचे वळ पाहिले, दार लावून घेतलं आणि घाई केली नाही. हात पिरगाळून मोडला होता.

धाकटीला हे रात्री कळलं, आणि त्या रडारडीत रागाच्या भरात टाकलेली तक्रार काढायची राहून गेली.

उघड्यावर उत्तर देताना अमुक माणूस आपल्याकडे आला होता हेसुद्धा कबूल करायचं नाही, हा बाईंचा नियम. मी तसंच लिहिलं. थांबावं लागल्याबद्दल दिलगीर आहोत. आता वेळ ठरवूनच नंबर देतो, तातडीच्या रुग्णांसाठी मधे मधे जागा मोकळी ठेवतो, डॉक्टरांना उशीर होत असेल तर काउंटरवरून बाहेर येऊन सांगतो. सविस्तर बोलायला कृपया फोन करावा. झालं.

भाऊसाहेबांनी ते वाचून नाक मुरडलं. यात कारण कुठे आहे, लोकांना वाटेल आपण आत झोपा काढत होतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कारण द्यायचं नसतंच. त्यांनी मान डोलावली. त्यांची मान डोलावण्यात तरबेज आहे.

दोन दिवसांनी ताई प्लास्टर दाखवायला आली. हे साधं दाखवणं नव्हतं. इथून ती घरी जाणारच नव्हती. धाकटी गाडी घेऊन मागच्या दाराशी येणार आणि तिला परस्पर आपल्या गावी नेणार, असं ठरलं होतं. नवऱ्याला फक्त तपासणीचं माहीत होतं. बाईंनी मला तेवढंच सांगितलं होतं, की गाडी येईपर्यंत तिला प्लास्टरच्या खोलीत बसव आणि दाराकडे लक्ष ठेव. मी तिला चहा नेऊन दिला. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि म्हणाली, साखर बरोबर आहे. इतकं साधं वाक्य ती इतक्या हळू बोलली की मला तिच्या नवऱ्याचा गळा घोटावासा वाटला.

काउंटरवर आले तर फोन वाजत होता. मी उचलला, आणि समोरच्यानं काही न बोलता ठेवून दिला. का कोण जाणे, मी वेबसाइट उघडली. आमचा फोन नंबर शोधणाऱ्याला नंबराच्या खालीच ताज्या तक्रारी दिसतात. सर्वांत वर धाकटीची तक्रार, तिच्या नावानिशी, आणि त्याखाली आमचं उत्तर. माझ्या चार ओळी तशाच होत्या. मधे दोन नव्या होत्या. ‘आपल्या भगिनींची दुखापत पडल्यामुळे झाली नसल्याचे तपासणीत दिसून आले. डॉक्टरांना त्यांच्याशी एकांतात बोलून सविस्तर नोंद करावी लागली, म्हणून विलंब झाला.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊसाहेबांना फोन लावला, आधी ते काढा म्हटलं. पासवर्ड त्यांच्याकडेच. ते म्हणाले, गाडी चालवतोय, पोचलो की बघतो. मी प्लास्टरच्या खोलीकडे धावले, पण तेवढ्यात बाहेरचं दार आपटलं आणि मी काउंटरशी परतले.

नवरा दिसायला साधा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. ती कुठेय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, कोण आलंय कोण नाही, आम्ही सांगत नाही. त्यानं मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला.

“जगाला सांगितलंय की तुम्ही. मलाच सांगायचं नाही?”

त्यानं माझे केस मुठीत धरले आणि तोंड काउंटरवर आपटलं. दात ओठात घुसला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नाकात काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाकावरची माणसं उठली आणि भिंतीला चिकटली. एका म्हाताऱ्यानं काठी उगारली तर त्याला त्यानं लाथेनं खाली पाडलं. मग दारं. पहिलं संडासाचं, दुसरं एक्स-रेचं. तिसरं प्लास्टरच्या खोलीचं, ते बाईंनी आतून लावलेलं होतं, म्हणजे त्याला कळलंच. आमची दारं प्लायची. दोन लाथांत कडी उखडली.

मी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला. जड होता, आणि रक्तानं हात घसरत होते. मी पोचेपर्यंत त्यानं तिला प्लास्टर केलेल्या हाताला धरून टेबलावरून ओढलं होतं. बाई त्याच्या पाठीवर लटकल्या होत्या, तो त्यांना झटकत होता आणि बुटानं हिच्या तोंडावर मारत होता. ती ओरडली नाही. सवयीनं गुडघे पोटाशी घेतले, बस. मी पिन उपसली आणि सगळी पांढरी पावडर त्याच्या डोळ्यांत मारली. तो खोकत वळला तेव्हा मी रिकामा सिलिंडर त्याच्या कानशिलावर घातला. पडल्यावर आणखी एकदा घातला. त्या दुसऱ्या फटक्याबद्दल पोलिसांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की घातला.

तो वाचला, आता कोठडीत आहे. तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला, प्लास्टरमधला हात पुन्हा तुटला. मोठ्या इस्पितळात तिचे दात तारेनं बांधलेत. पुढचे काही आठवडे बोलणं बंद.

चौथ्या दिवशी भाऊसाहेबांचा मला फोन. माझं नाक कसं आहे हे विचारून झालं, मग मुद्द्यावर आले. लोक वाटेल ते लिहीत आहेत, तारे गडगडलेत, तेव्हा एक सभ्य खुलासा कर, म्हणाले, तुझी भाषा चांगली आहे. मी म्हटलं, करते, पण तुम्ही आधी इस्पितळात या.

ते फळं घेऊन आले. ती उशांना टेकून बसली होती, धाकटी पायथ्याशी. मी ओळख करून दिली, की उत्तर लिहिणारे हेच. ते घाईघाईनं म्हणाले, हेतू वाईट नव्हता हो, उशिराचं कारण तर द्यायलाच हवं होतं. मी माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी उत्तर काढलं होतं, पण मी आधीच फोटो घेऊन ठेवला होता.

“वाचा,” मी म्हटलं. “त्यांच्यासाठीच लिहिलंय ना?”

ते दिलगिरीपर्यंत ठीक वाचत गेले. ‘आपल्या भगिनींची’ म्हणून थांबले आणि माझ्याकडे पाहायला लागले. धाकटी रडत होती. ती तक्रार मी का टाकली, एवढंच पुटपुटत होती.

तेव्हा ताईनं बरा असलेला हात उचलला. मला वाटलं, पुरे म्हणतेय. तिनं बोट मोबाइलकडे केलं आणि हवेत पुढे सरकवलं. वाचा पुढे. त्यांनी वाचलं. विलंबाचं कारण वाचलं, ठरवून दिलेल्या वेळा वाचल्या, तातडीच्या रुग्णांसाठी मोकळी ठेवलेली जागा वाचली. मान त्यांनी एकदाही वर केली नाही, आणि तिनं शेवटपर्यंत त्यांच्यावरची नजर काढली नाही.