परिच्छेदाच्या शेवटी चार नावं

माझ्या निबंधावर बाईंनी लाल पेनाने लिहिलेला शेरा मी चार वेळा वाचला, पण खरं सांगायचं तर चारही वेळा फक्त शेवटचं वाक्य. ते असं होतं: ‘लिखाण जिवंत आहे.’ एवढं वाचलं की माणूस बाकीचं कशाला वाचेल?

बाकीचं असं होतं: ‘प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी संदर्भांचा गठ्ठा बांधून ठेवला आहेस. तिसऱ्या परिच्छेदात पाच विधानं आहेत आणि शेवटच्या कंसात चार संदर्भ. कोणतं विधान कोणाचं, हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? प्रत्येक संदर्भ त्याच्या विधानाला लागून ठेव. ज्याला काहीच लागत नाही ते विधान तुझं आहे का, तेही पाहा.’

निबंध आमच्या जुन्या जलतरण तलावावर होता. तो बंद का पडला, यावर. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात उठून उत्तर द्यायलाही घाबरायचे. या वर्षी कुठून कोण जाणे अंगात बळ आलं आणि मी बाराशे शब्दांचं एक खणखणीत प्रकरण लिहून मोकळी झाले. तिसरा परिच्छेद तर माझा लाडका. तो असा:

‘दोन वर्षं तलावाचा फिल्टर बंद होता. पाणी गढूळ झालं होतं. चौदा मुलांचे डोळे लाल झाले. पालकांनी लेखी तक्रार केली. तरी कोणी दखल घेतली नाही. (विभागाचा वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रातील बातमी, पालकांचं निवेदन, मुलाखत: पंपचालक)’

कंस शेवटी किती रुबाबदार दिसतो! मध्येमध्ये टाकला तर वाक्यांचा श्वास तुटतो, असं माझं मत. म्हणून शेरा बाजूला ठेवला आणि शाळेच्या प्रदर्शनात निबंध तसाच, मोठ्या अक्षरांत, दारासमोरच्या फलकावर चिकटवला. बाईंनी विचारलं, “दुरुस्त केलास ना?” मी म्हणाले, “हो बाई, बघितलं.” म्हणजे बघितलं होतंच की.

प्रदर्शन मंगळवारी होतं. बुधवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले, तर खालच्या मजल्यावरची काकू आमच्या स्वयंपाकघरात बसली होती.

ती पंपचालक म्हणजे हीच. जुना तलाव बंद झाल्यावर तिला नव्या तलावाच्या पंपघरात घेतलं. तिची मुलाखत मी तिच्या घरीच घेतली होती, ती पोहण्याच्या गॉगलच्या तुटलेल्या पट्ट्या बदलत असताना. मी विचारलं होतं, “काकू, तुझं नाव घालू का?” ती म्हणाली होती, “नाव नको बाई, पंपचालक म्हण. तेवढं खरं आहे.”

आता तिच्या हातात एक कागद होता.

“तलावाच्या व्यवस्थापकाने लेखी खुलासा मागितलाय,” आई म्हणाली. आईचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. तो ओरडण्यापेक्षा वाईट.

“कशाचा?”

काकूने कागद माझ्याकडे सरकवला. त्यात लिहिलं होतं की शाळेच्या प्रदर्शनात लागलेल्या लेखानुसार पंपचालकाने ‘फिल्टर दोन वर्षं बंद होता’ आणि ‘कोणी दखल घेतली नाही’ असं म्हटलं आहे. फिल्टर बंद ठेवल्याबद्दल आणि खात्याची बदनामी केल्याबद्दल खुलासा देण्यासाठी शुक्रवारी दुपारी हजर राहावं. अन्यथा सेवा थांबवली जाईल.

व्यवस्थापकाची मुलगी आमच्याच शाळेत. ते प्रदर्शन बघायला आले होते आणि त्यांनी फोटो काढून नेला होता. माझ्या त्याच रुबाबदार कंसाचा.

“मी हे म्हणाले होते?” काकूने विचारलं. तिने खरंच विचारलं होतं. तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता जणू.

मी कागद पुन्हा वाचला. पण काय म्हणायचं? मला आठवेना. बातमीत वाचलं होतं, अहवालात होतं, की काकूने सांगितलं होतं? सगळं डोक्यात एका पिशवीत भरलेलं. हात घातला की काहीतरी निघेल, पण हे नेमकं कुठून आलं? पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याच घरातून बाहेर पडायला दार नाही.

“बाईंना सांगायला हवं,” मी म्हणाले.

“आधी जेव,” आई म्हणाली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांच्या डब्यात अर्धी पोळी होती, ती त्यांनी झाकून ठेवली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, ‘मी काय लिहिलं होतं?’ पण नाही. त्यांनी चार रंगीत पेन्सिली काढल्या.

“अहवालाला हिरवी, बातमीला निळी, निवेदनाला पिवळी, मुलाखतीला लाल. प्रत्येक वाक्य कुठून आलं ते शोधून अधोरेखित कर. मूळ कागद समोर ठेवून. आठवणीतून नाही.”

“आता? बाई, मला तास आहे.”

“मी सांगते त्यांना. बस.”

संदर्भांची फाइल माझ्या दप्तरातच होती. शिक्षकखोलीच्या कोपऱ्यातल्या बाकावर मी बसले. खिडकी उघडत नव्हती, पंखा माझ्यावर नव्हता, आणि येणारा प्रत्येक शिक्षक माझ्याकडे बघून ‘काय केलंस गं?’ असा चेहरा करून जात होता.

‘चौदा मुलांचे डोळे लाल झाले.’ बातमी. निळी. छान.

‘पालकांनी लेखी तक्रार केली.’ निवेदन, तारखेसकट. पिवळी. त्याच निवेदनात ‘पाणी गढूळ दिसतं’ हेही होतं. पिवळी.

‘दोन वर्षं तलावाचा फिल्टर बंद होता.’ अहवाल उघडला. त्यात लिहिलं होतं: ‘नवीन फिल्टर खरेदीचा प्रस्ताव दोन वर्षं प्रलंबित.’

प्रलंबित प्रस्ताव! बंद फिल्टर नाही. मी मुलाखतीची वही काढली. काकूचं वाक्य माझ्याच हस्ताक्षरात: ‘उन्हाळ्यात दुपारी मोटर तापायची, मग तासभर बंद ठेवायचो. नोंदवहीत लिहायचो.’

‘दोन वर्षं’ अहवालातून घेतलं. ‘बंद’ काकूकडून घेतलं. जोडलं मी. बसून, मन लावून, जोशात जोडलं. आणि खाली चार नावांचा कंस घातला, की चौघांनी मिळून सांगितलं असं वाटावं.

‘तरी कोणी दखल घेतली नाही.’ हिरवी नाही, निळी नाही, पिवळी नाही, लाल नाही. हे मला वाटलं होतं. लिहिताना किती जोरात वाटलं होतं!

“बाई,” मी म्हणाले, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी कागद पाहिला. “म्हणजे तुला हवं होतं ते वाक्य कोणाकडेच नव्हतं.”

“मी खोटं नव्हते लिहीत हो. खरंच नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर शेरा लिहिला. खोटं लिहिणाऱ्याला मी वेगळा शेरा लिहिते.” मग पेन्सिली गोळा करत, “पण ‘बघितलं’ म्हणालीस ते खोटं होतं.”

हे बरोबर बसलं. अगदी जिथे बसायला हवं तिथेच.

परिच्छेद मी नव्याने लिहिला. सहा वेळा खोडला. शेवटी असा झाला:

‘नवीन फिल्टर खरेदीचा प्रस्ताव दोन वर्षं प्रलंबित होता (वार्षिक अहवाल). उन्हाळ्यात मोटर तापत असल्याने दुपारी फिल्टर तासभर बंद ठेवावा लागे (मुलाखत: पंपचालक). पाणी गढूळ दिसत असल्याची लेखी तक्रार पालकांनी केली (पालकांचं निवेदन). चौदा मुलांचे डोळे लाल झाल्याची बातमी आली (वर्तमानपत्र). या तक्रारीवर काय कारवाई झाली, हे मला कळू शकलं नाही.’

लिहिल्यावर पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या वाक्यापाशी थांबले. आता काकूचा संदर्भ अगदी तिच्या शब्दांना चिकटलेला. आधी कंसात चौघं होते, आता ती एकटी उभी. हेच वाक्य धरून तिला काढलं तर? वाक्य काढलं, तर व्यवस्थापक म्हणणार, ‘आधीचं तिनेच सांगितलं होतं, म्हणून गुपचूप पुसलं.’ ठेवलं तरी अडकलो, काढलं तरी अडकलो.

संध्याकाळी काकूला दाखवलं. ती जिन्यात उभी राहूनच वाचत होती, ओठ हलवत.

“काढू का हे?”

“का काढायचं? हे मी म्हणाले होते.”

“पण काकू, त्यांनी...”

“अगं, दोन वर्षं बंद ठेवला या खोट्यावर नोकरी जाण्यापेक्षा तासभर ठेवला म्हणून जाऊ दे. निदान माझ्याच वाक्यावर जाईल.”

शुक्रवारी बाई आणि मी दोघी तिच्यासोबत गेलो. व्यवस्थापकाची खोली तलावाच्या मागच्या बाजूला, भिंतीला ओल, क्लोरीनचा वास. खुर्च्या दोनच. मी उभी.

व्यवस्थापकांनी नवा कागद वाचला. मग फोटोतला जुना. मग पुन्हा नवा. बोट एकेका कंसावर टेकवत.

“म्हणजे दोन वर्षांचं हिने नाही सांगितलं?”

“नाही,” मी म्हणाले. “ते मी जोडलं. दखल घेतली नाही हेही माझंच. कोणाचंच नाही.”

“मग हिचं नाव खाली का?”

“सगळ्यांची शेवटी लावायची सवय होती मला.”

“सवय!” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “तुझ्या सवयीपायी मी हिचा पगार थांबवणार होतो.”

मी बाईंकडे पाहिलं. त्या नव्या कागदाकडेच बघत होत्या. त्या मला वाचवायला आल्या नव्हत्या, हे तेव्हा कळलं.

“आणि हे तासभर बंदचं?” त्यांनी काकूला विचारलं.

“माझंच. तापलेली मोटर चालू ठेवली असती तर जळली असती. दर वेळी नोंद केलीय, तारीख-वेळ टाकून. जुन्या तलावाच्या वह्या तुमच्याच कपाटात आहेत.”

ते उठले, कपाट उघडलं आणि वही शोधायला बराच वेळ लावला. पानं उलटली. तारीख-वेळेच्या नोंदी असलेल्या एका पानावर थांबले. वही मिटली, पण आपटून नाही.

“दोन वर्षांबद्दलच्या खुलाशाची मागणी मी मागे घेतो,” ते म्हणाले. “पण विचारल्याशिवाय मुलाखत दिली, ते उरतंच. त्याचा खुलासा सोमवारपर्यंत द्या. वर काय ठरतं ते बघू.”

म्हणजे नोकरी वाचली असं नाही, गेली असंही नाही. बाहेर आलो तेव्हा मला रडू येत होतं, आणि काकूसमोर रडायचा मला हक्क नव्हता.

“काकू, सोमवारचा खुलासा मी लिहून देऊ? नीट लिहीन. प्रत्येक गोष्टीला...”

“नको,” ती म्हणाली. रागाने नाही, पण लगेच. “हा मीच लिहिते. माझं अक्षर वाईट आहे, पण वाक्यं माझी असतील.”

आणि ती पंपघराकडे वळली, कारण तिची कामाची पाळी सुरू व्हायला पाचच मिनिटं उरली होती.