लाल म्हणजे वाढली

माझं वाक्य कुणी कापलं की माझं डोकं फिरतं. मधुमेहाच्या एका अ‍ॅपमधल्या सूचना मी लिहिते, त्यांचे रंगही मीच ठरवते, आणि आमच्या टीममधल्या सिस्टर दर आठवड्याला त्यांच्यावर कात्री चालवतात. वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. मशिनांच्या पींपींना विटून आमच्याकडे आली, आणि इथे माझी पींपीं नशिबी आली.

"जेवल्यावर साखर जरा चढली की लाल, घसरली तरी लाल," त्या एके दिवशी म्हणाल्या. "रोज लांडगा आला म्हणून ओरडशील तर खऱ्या लांडग्याला कोण धावेल? जेवणानंतरची वाढ पिवळी कर. आवाज काढून टाक."

"पिवळ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही."

"बरं. मग माणसांनाच विचारू."

पाच मधुमेही बोलवायचे, लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर सूचना जशी दिसते तशी पाच सेकंद दाखवायची, मग विचारायचं, आता काय कराल? पाचव्या बाईंनी आयत्या वेळी नकार दिला. मी आत्याला आणलं. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. ती इन्सुलिन घेते, दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावते, आणि महिनाभर आमचंच चाचणीचं अ‍ॅप वापरत होती.

"नात्यातलं माणूस खरं तर चालत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण रिकाम्या खुर्चीपेक्षा बरं. तू मात्र तोंड उघडायचं नाहीस."

आत्या कडक इस्त्रीचे कपडे घालून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. सिस्टरनी फोन पुढे धरला. लाल पट्टी, त्यावर माझं लाडकं वाक्य: 'आपल्या रक्तातील साखरेची पातळी सुरक्षित मर्यादेच्या…' पुढचं 'खाली गेली आहे, कृपया त्वरित काहीतरी गोड घ्यावे' पडद्यावर मावतच नव्हतं. कॉम्प्युटरवर मी ते नेहमी अख्खं वाचत आले होते.

"काय कराल?"

"फेरी मारून येईन," आत्या लगेच म्हणाली. "साखर वाढलीय ना."

"कशावरून?"

"लाल आहे की! दिवसातून चारदा येतं हे, जेवण झालं की. डॉक्टर म्हणालेत, वाढली की चाला." मग माझ्याकडे बघत ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मंगळवारीही चालले. पण जिन्यात पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारीण होती म्हणून. तिने बसवलं, साखरेचं पाणी पाजलं."

साखर उतरलेल्या माणसाने चालायला निघणं म्हणजे ती आणखी उतरवणं. हे मला तोंडपाठ होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तोंड उघडायचं नव्हतं, तरी उघडलंच.

"तुझं काम आहे ना हे. उगाच तुला बोल लागला असता."

मला रडू फुटलं. चारचौघांत, ऑफिसात, नाक लाल होईपर्यंत. सिस्टरनी रुमाल पुढे केला.

दुपारभर आम्ही तिघी तिथेच बसलो. ज्यात आत्ताच्या आत्ता काहीतरी करावं लागतं, तेवढंच लाल आणि तेवढ्यालाच मोठा आवाज. जेवणानंतरची नेहमीची वाढ पिवळी, बिनआवाजाची. पावलांची मोजणी करड्या रंगात, हवी त्याने उघडून बघावी. आणि चढली की उतरली हे रंगावर सोडायचं नाही, ते शब्दाने आणि बाणाने सांगायचं. माझं वाक्य मी स्वतःच्या हाताने कापलं: 'साखर कमी ↓ ६१. आत्ता गोड खा.'

"आता कसं घरातल्या माणसासारखं बोलतंय," आत्या म्हणाली. "आधी नोटीस आल्यासारखं वाटायचं."

नवं अ‍ॅप तिच्या फोनवर गेलं. तिची लाल सूचना माझ्याही फोनवर यावी अशी सोय तिनेच करायला लावली. दहा दिवस काही आलं नाही. अकराव्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये माझा फोन ओरडला: 'आत्या: साखर कमी ↓ ५८. त्यांना फोन करा.' मी खुर्ची ढकलून बाहेर धावले. सात रिंग झाल्या. त्या सात रिंगांत मी तिला जिन्यात पडलेली बघितली, दोनदा.

"काय गं?" आत्याचा आवाज आला, बोबडा.

"आत्या! कुठे आहेस? काय होतंय तुला?"

"काही होत नाहीये. तोंडात साखर आहे, बोलता येत नाही," ती वैतागून म्हणाली. "खा म्हणालीस ना? मग खाऊ दे की."